पूल कुठे उतरतो?

आमच्या तालुक्याच्या रेल्वे स्टेशनची नवी इमारत होणार म्हटल्यापासून गावात दोन तट पडले आहेत. एका तटाला जुनी दगडी इमारत, तिची मंगलोरी कौले आणि फलाटाच्या बाजूची लाकडी झालर जशीच्या तशी हवी आहे. दुसऱ्या तटाला फलकावर छापलेले नवे चित्र आवडले आहे. त्यात किल्ल्याच्या दरवाजासारखी कमान आहे, रात्रीची रोषणाई आहे आणि पुढे हिरवळीचा चौकोन आहे. ग्रामसभेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत हाच वाद चालतो. दोन्हीकडची माणसे मनापासून बोलतात, पण दोन्ही बाजू रस्त्यावर उभ्या राहून इमारतीच्या तोंडाकडे पाहतात. प्रवाशाचे काम इमारतीच्या पाठीमागे सुरू होते, आणि त्या पाठीमागच्या भागाबद्दल कोणीच बोलत नाही. फलकावरच्या चित्रात पादचारी पूल दिसतसुद्धा नाही.

माझे म्हणणे असे आहे की लहान स्टेशनचा आराखडा पादचारी पुलापासून सुरू व्हावा. पूल कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे आधी ठरावे. मग त्याच्या पायथ्याशी तिकीट खिडकी, खिडकीला लागून बसायची जागा, आणि या सगळ्याभोवती इमारत. ती दगडी असो वा कमानीची, त्यावर नंतर हवे तितके भांडू. आज क्रम उलटा आहे. इमारत आधी ठरते, आणि पूल उरलेल्या जागेत कुठे तरी बसवला जातो.

हा क्रम उलटा असल्याने काय होते ते आमच्याच स्टेशनवर पाहू, कारण अशी स्टेशने महाराष्ट्रात जागोजागी आहेत. दुहेरी मार्ग आहे, वर विजेची तार आहे. इमारतीला लागून एक नंबरचा फलाट आणि पलीकडे दोन-तीन नंबरचा बेटासारखा फलाट. अपच्या गाड्या एकवर, डाऊनच्या दोनवर. तिकीट खिडकी इमारतीच्या मध्यभागी आहे, आणि पूल तिथून सुमारे सव्वाशे मीटर दूर, फलाटाच्या टोकाकडे. विजेच्या तारेवरून जायचे म्हणजे पुलाचा तळ रुळांपासून सव्वासहा मीटरच्या वर ठेवावा लागतो. त्यावर पुलाची स्वतःची जाडी धरायची आणि फलाटाची उंची वजा करायची. माणसाला साधारण सहा मीटर चढावे लागते, म्हणजे दोन मजले. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर चाळीस पायऱ्या चढायला आणि तेवढ्याच उतरायला.

आता डाऊनच्या गाडीचे तिकीट काढलेली बाई डोळ्यांसमोर आणा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल. खिडकीपासून पुलापर्यंत सव्वाशे मीटर, ओझ्यासह दोन मिनिटे. चढ-उतार आणि वरचे अंतर मिळून दोन-अडीच मिनिटे. आणि ती उतरते तेव्हा पुन्हा टोकालाच असते. पाण्याचा नळ, बाकडी आणि छप्पर फलाटाच्या मध्यावर आहेत, म्हणून ती सव्वाशे मीटर परत येते. एकूण सहा-सात मिनिटे. रुळांवरून मात्र एका फलाटाच्या कडेपासून दुसऱ्या फलाटाच्या कडेपर्यंत आठ-नऊ मीटर अंतर आहे. घोषणा झाली तेव्हा गाडी मागच्या स्टेशनवरून सुटलेली असते आणि थांबा दोन मिनिटांचा असतो. या हिशेबात तिने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे?

पूल खिडकीच्या शेजारी चढला आणि पलीकडे छपराखालीच उतरला, तर तोच प्रवास अडीच मिनिटांचा होतो. पायऱ्या तेवढ्याच राहतात, अडीचशे मीटरची पायपीट तेवढी जाते. माणूस रुळांत उतरेल की पूल चढेल हे ठरते ते याच चार मिनिटांत.

यावर पहिला आक्षेप शिस्तीचा येतो, आणि तो कमकुवत नाही. मुंबईत पूल हाकेच्या अंतरावर असतानाही माणसे रूळ ओलांडतात, हे रोज दिसते. रेल्वे कायद्याचे 147 वे कलम आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तरी फरक पडत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीने 2012 मध्ये सांगितले होते की देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे रूळ ओलांडताना मरतात, आणि त्यातली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. एवढी माणसे मरूनही बाकीची शहाणी होत नसतील, तर पुलाची जागा बदलून काय होणार, असे विचारणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

पण शिस्तीचा गुण जिथे आपण नेहमी वाखाणतो, त्या इंग्लंडकडे पाहू. एसेक्स परगण्यात एल्सनहॅम नावाचे लहानसे स्टेशन आहे. दोन फलाट, मधून रूळ, आणि रुळांच्या पातळीवर पायी ओलांडण्याची वाट. पूल नव्हता. 3 डिसेंबर 2005 रोजी तेरा आणि चौदा वर्षांच्या दोन मैत्रिणी केंब्रिजला जायला तिथे आल्या. तिकीट एका बाजूला मिळत होते आणि त्यांची गाडी दुसऱ्या बाजूने सुटणार होती. तिकिटे घेऊन होईपर्यंत गाडी आली. लाल दिवा होता, घंटा वाजत होती. मुलींना ती आपल्याच गाडीची वाटली असावी, आणि त्या धावल्या. उलट दिशेने आलेल्या दुसऱ्या गाडीने दोघींना उडवले. त्यानंतर एल्सनहॅमला पूल झाला, आणि पुढे अनेक वर्षांनी, 2012 मध्ये, रूळ आणि स्थानके सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेला न्यायालयाने दहा लाख पौंडांचा दंड केला. त्या मुली बेशिस्त होत्या का? तिकीट अलीकडे आणि गाडी पलीकडे ठेवणाऱ्याने त्यांच्यासाठी शर्यत आखून ठेवली होती. आमच्या स्टेशनवर तीच शर्यत डाऊनच्या प्रत्येक गाडीला लागते.

मग मुंबईत पूल जवळ असूनही लोक का उतरतात? तिथे बहुतेक वेळा दुसरी एक गोष्ट असते. पूल फलाटाला जवळ असतो, पण ज्याला ओलांडायचे असते तो फलाटावर जातच नसतो. त्याला पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे असते. लहान गावात हे आणखी स्पष्ट दिसते. फाटक होते तोवर गावाचे दोन भाग जोडलेले होते. फाटक बंद झाले, वाहनांसाठी लांबून उड्डाणपूल आला, आणि शाळा एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला राहिली. स्टेशनचा पूल आहे, पण तो फलाटापर्यंतच. शिवाय कायद्याने त्यावरून जायला तिकीट हवे, निदान दहा रुपयांचे फलाट तिकीट तरी. म्हणजे शाळेतल्या पोराने पूल वापरला तर विनातिकीट, रूळ ओलांडले तर घुसखोर. ज्याला कायदेशीर वाटच ठेवलेली नाही त्याला शिस्त शिकवता येत नाही. त्यासाठी पूल दोन्हीकडे फलाटांच्या पलीकडे, थेट रस्त्यापर्यंत न्यावा लागतो आणि तो सार्वजनिक ठेवावा लागतो. अशा पुलाचा खर्च रेल्वे बहुधा नगरपालिकेकडून किंवा राज्याकडून भरून मागते, आणि घोडे तिथेच अडते. कुंपणाच्या मी विरोधात नाही. कुंपण लागतेच. पण पूल योग्य जागी आल्यावर घातलेले कुंपण टिकते, आधी घातलेले वाकवले जाते.

हे वाकलेले कुंपणच खरे तर सर्वांत विश्वासू नकाशा आहे. आराखडा करणाऱ्याने एक दिवस स्टेशनवर उभे राहावे. लोखंडी सळ्या कुठे फाकल्या आहेत, खडीतून पायवाट कुठे मळली आहे, फलाटाच्या कडेचा दगड कुठे पायांनी गुळगुळीत झाला आहे, हे पाहावे. पुलाची जागा लोकांनी दाखवून ठेवलेली असते. आणि फलाटाच्या टोकाशी हातगाड्या नेण्यासाठी रुळांच्या पातळीवर केलेली वाट पाहावी. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला पलीकडच्या फलाटावर न्यायचे झाले की हमाल आणि कर्मचारी त्याला याच वाटेने रूळ ओलांडून नेतात. दुसरा इलाज नसतो. ज्या स्टेशनवर कर्मचाऱ्यांनाच प्रवाशाला रुळांतून न्यावे लागते, तिथे रुळांत उतरू नका ही घोषणा कोणत्या तोंडाने करायची?

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत वजनदार आहे. पूल हवा तिथे टाकता येत नाही. रेल्वेच्या मापांच्या नियमांप्रमाणे फलाटावरचा खांब रुळाच्या मध्यरेषेपासून 4.72 मीटर दूर असावा लागतो. फलाटाच्या कडेपासून मोजले तर हे सुमारे तीन मीटर होतात. बेटाच्या फलाटाला दोन्हीकडे कडा असतात, म्हणजे सहा मीटर मोकळे सोडायचे आणि उरलेल्या रुंदीत जिना बसवायचा. जुने बेट सात-आठ मीटर रुंद असेल तर जिन्याला मीटर-दोन मीटर उरतो. त्यात भर म्हणजे फलाटाखालून सिग्नलच्या केबली गेलेल्या, वर तारेचे खांब, आणि गर्डर चढवायला गाड्या व वीज बंद ठेवण्याची वेळ मिळवणे कठीण. टोकाकडे हे सगळे सोपे असते. म्हणून पूल टोकाला जातो. कोणी दुष्टपणाने तो तिथे टाकत नाही.

हे सगळे मान्य. पण बेट अरुंद आहे हे कारण बदलता न येणारे नाही. एवीतेवी इमारत पाडून नवी बांधणार आहोत, तिकीटघर हलवणार आहोत, फलाटांची लादी उचलणार आहोत. मग त्याच कामात केबली हलवणे आणि जिन्यापुरते बेट रुंद करता येते का ते तपासणे का बसत नाही? आणि समजा तपासून ठरले की पूल हलूच शकत नाही. तर इमारत हलवा! नवी इमारत जुन्याच जागी उभी करण्याची सक्ती कोणी केली आहे? पूल सव्वाशे मीटर दूर असेल तर तिकीटघर आणि प्रतीक्षागृह सव्वाशे मीटर सरकवणे हे गर्डर सरकवण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. जुनी दगडी इमारत पाडण्याचीही मग गरज नाही. तिच्यात पार्सल, कार्यालय, वाचनालय काहीही राहू दे. दगडी इमारतीच्या बाजूच्या मंडळींनी हा मुद्दा हाती घेतला असता तर त्यांचे म्हणणे कितीतरी बळकट झाले असते.

इमारत रस्त्याकडेच का तोंड करून बसते, याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फलाटावर मुक्तपणे येऊ देत नसत. त्यांच्यासाठी स्टेशनच्या बाहेरच्या अंगाला मुसाफिरखाना असे, चार खांबांवरचे छप्पर. तिकीट खिडकी त्या बाजूला उघडे. गाडी यायच्या सुमारास दार उघडले जाई आणि गर्दी एकदम फलाटावर लोटली जाई. वरच्या वर्गाची प्रतीक्षागृहे मात्र फलाटाकडे उघडत. मुसाफिरखाना हा शब्द गेला, वर्गही बदलले, पण मांडणी तीच राहिली. प्रतीक्षागृह एक नंबरवर, रस्त्याच्या अंगाला. डाऊनचा प्रवासी तिथे पंख्याखाली बसतो, घोषणा ऐकतो आणि मग धावतो. निम्म्या गाड्या जर रोज पलीकडूनच सुटत असतील, तर निम्मे प्रतीक्षागृह पलीकडे का नको? त्याला संगमरवर नको. पाऊस तिरका आला तरी कोरडे राहील एवढे छप्पर, तीन बाजूंना भिंत, दहा-बारा बाकडी, नळ आणि दिवा एवढे पुरे. पण पुलाच्या पायथ्याशी हवे.

कोकणात हा प्रश्न पावसाने आणखी धारदार होतो. कोकण रेल्वेच्या अनेक स्टेशनांचे दर्शनी भाग आणि तिथवरचे रस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने अलीकडे सुशोभित केले. रस्ते चांगले झाले, ते हवेच होते. तरीही पुरेशा छपराअभावी लोक भिजत गाडीची वाट पाहतात, ही तक्रार तिथले प्रवासी वारंवार करत आले आहेत. गावाला आपल्या स्टेशनचा अभिमान वाटावा ही इच्छा मी खोटी मानत नाही. परगावी असलेले मूल गणपतीला घरी येते तेव्हा गाडीतून दिसणारी पहिली आपली वस्तू म्हणजे स्टेशन. पण त्या मुलाला गाडीतून दिसतो तो फलाट. कमान रस्त्याकडे असते.

तिसरा आक्षेप पैशांचा. रोज दोन-तीन हजार माणसे वापरतात त्या स्टेशनवर पूल, सरकता जिना, लिफ्ट यांवर खर्च किती करायचा? इथे मी अर्ध्यापेक्षा जास्त सहमत आहे. सरकता जिना लहान स्टेशनवर नकोच. लिफ्टला चोवीस तास वीज, देखभाल आणि ती अडकली तर धावून येणारा माणूस लागतो. यांपैकी एक नसले की तिच्या दाराला कुलूप लागते. उताराचा रस्ता करायचा तर बारास एक या प्रमाणात सहा मीटर चढायला बहात्तर मीटर लांबी लागते, मधले टप्पे वेगळे, आणि तेवढेच पलीकडे. जागा असेल तिथे मी तरीही लिफ्टपेक्षा हाच निवडीन, कारण उताराला कुलूप लागत नाही. भुयारी मार्गात खाली उतरावे लागते ते पुलाच्या चढापेक्षा बरेच कमी, साधारण चार मीटर, कारण माणसाच्या डोक्याला विजेच्या तारेइतकी उंची लागत नाही. नवी मुंबईत सिडकोने रेल्वेबरोबर खर्च वाटून घेऊन जी स्टेशने बांधली, त्यांत जुईनगर, नेरूळ अशा ठिकाणी भुयारी मार्ग आणि दोन्ही बाजूंना प्रवेश आहेत. तिथे सामान घेऊन फलाट बदलणे किती सुसह्य होते हे जाऊन पाहण्यासारखे आहे. पण त्या स्टेशनांमागे नव्या शहराच्या जमिनीचा पैसा होता, आणि पावसाळ्यात पाणी उपसावे लागते ते वेगळेच. आमच्या काळ्या मातीत, जुन्या रुळांखालून भुयार काढणे महाग पडेल. मी त्याचा हट्ट धरत नाही.

उलट, मी जे मागतो आहे त्यातले बरेचसे स्वस्त आहे. एक उदाहरण घ्या. आमचा फलाट चोवीस डब्यांच्या गाडीसाठी आहे, साडेपाचशे मीटरच्या आसपास लांब. पण गावकरी ज्या गाडीने रोज जातात ती मेमू आठ डब्यांची, पावणेदोनशे मीटरची. ती फलाटावर नेमकी कुठे थांबते हे चालकासाठी लावलेली एक पाटी ठरवते. पाटी अशी लावली की गाडीचा मध्य पुलाच्या पायथ्याशी येईल, तर निम्म्या प्रवाशांचे शंभर मीटर चालणे वाचते. पाटी हलवायला सिमेंट लागत नाही. कोणी म्हणेल, एक्स्प्रेसचे जनरल डबे पुढे-मागे असतात, मग पूल टोकाला असलेला बराच. पण एक्स्प्रेसचा प्रवासी आधी येतो आणि थांबतो. रोजचा प्रवासी एसटीतून उतरून थेट गाडीकडे पळतो, आणि रुळांत उतरतो तो प्रामुख्याने हाच. तसेच पलीकडच्या अंगाला तिकिटाची सोय. पूर्ण कार्यालय नको, कमिशनवर तिकीट देणारा एखादा स्थानिक माणूस किंवा एखादे यंत्र पुरेल. मोबाइलवर तिकीट काढता येते हे खरे, पण आठवडी बाजाराच्या दिवशी खिडकीपुढची रांग पाहिली की तो उपाय सगळ्यांचा नाही हे कळते.

पूल ही सोय की गरज, या प्रश्नाचे उत्तर आपण फार मोठी किंमत मोजून घेतले आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी, पाऊस कोसळत असताना, एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसे गेली. गाड्या येत राहिल्या, आणि पावसामुळे कोणी जिना सोडून बाहेर पडेना. तोपर्यंत रेल्वेच्या हिशेबात स्टेशनवरचा पहिला पूल आवश्यक आणि त्यापुढचा प्रत्येक पूल ही प्रवाशांची सोय होती. दुर्घटनेनंतर पुलांना सुरक्षेच्या कामांत धरण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता. पण त्याने पूल मोजले गेले, पुलांची जागा तपासली गेली नाही. एक पूल आहे, अट पूर्ण झाली, रकान्यात खूण झाली. तो सव्वाशे मीटर दूर आहे हे सांगणारा रकाना नाही.

केंद्राच्या अमृत भारत स्टेशन योजनेच्या कागदावर मात्र स्टेशनच्या दोन्ही बाजूंचे गाव जोडणे आणि दिव्यांगांची सोय हे हेतू लिहिलेले आहेत. 6 ऑगस्ट 2023 रोजी एकाच वेळी 508 स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातली 44 होती. मे 2025 मध्ये देशभरातली 103 स्टेशने तयार होऊन उघडली, त्यांत लासलगाव, केडगाव, लोणंद, सावदा अशी आपल्या ओळखीची लहान स्टेशने होती. म्हणजे मी मागतो ते सरकारी हेतूच्या विरुद्ध नाही. ज्यांची कामे व्हायची आहेत त्या गावांनी चित्राऐवजी आराखडा मागावा, ज्यावर फलाट, पूल, खिडकी आणि छप्पर मापांसह एकत्र दिसतात. तो कागद पाहायला अभियंता व्हावे लागत नाही. खिडकीवर बोट ठेवायचे आणि ते डाऊनच्या फलाटावरच्या बाकड्यापर्यंत न्यायचे, एवढेच.

आमच्याकडे हे केले तर भांडण कुठे येईल तेही मला माहीत आहे. पूल तिकीटघराच्या शेजारी आणायचा तर तो आजच्या सायकल स्टँडच्या जागेवर येतो. स्टँडचा ठेका आहे, त्यावर दोन कुटुंबे चालतात. पलीकडे पूल रस्त्यापर्यंत न्यायचा तर रिक्षाचा थांबा वस्तीच्या बाजूला विभागावा लागेल, आणि रिक्षावाल्यांना ते नको आहे. स्टँडला जुन्या पार्सल शेडमागे जागा निघते, मी पावलांनी मोजली आहे. रिक्षांचे कसे करायचे ते मला अजून सुचलेले नाही. पुढच्या ग्रामसभेत कमानीच्या आधी हा विषय घ्यावा, असा अर्ज मी दिला आहे.